चेंडू कोणी कोणाला दिला: डेर, डेन, डेम, डेस

*प्रश्न: "मामा शिक्षकाच्या मुलाला चेंडू भेट देतो" याचं जर्मन मी "डेर ओंकल शेंक्ट डेर झोन डेर लेरर डेर बाल" असं केलं. चारही शब्द पुल्लिंगी आहेत, म्हणून चारही ठिकाणी डेर लावलं. सरांनी तीन डेर कापले. तक्ता पाठ आहे, पण कुठे काय लावायचं ते वाक्यात कळत नाही. 'ला' दिसला की डेम, असं धरून चाललं तर?*

लिंगं तुम्ही बरोबर ओळखलीत आणि 'भेट देणे'साठी शेंकन हे क्रियापदही नेमकं निवडलंत. बरोबर वाक्य असं: डेर ओंकल शेंक्ट डेम झोन डेस लेरर्स डेन बाल. चारही नामं पुल्लिंगी असल्यामुळे एकाच वाक्यात डेर, डेम, डेस, डेन अशी चारही रूपं आली. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मराठीत विभक्ती नामाच्या शेपटीला लागते: मुलगा, मुलाला, मुलाचा. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा जसंच्या तसं राहतं आणि बदल त्याच्या पुढच्या आर्टिकलमध्ये होतो. झोन हा झोनच राहिला, 'ला' गेला डेममध्ये. अपवाद गेनिटिफचा. तिथे बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांनाही स किंवा एस लागतो, म्हणून लेररचा लेरर्स झाला. तेवढा स विसरू नका, बाकी गेनिटिफ सोपा आहे. चा-ची-चे दिसलं की बहुतेक वेळा तोच. बोलताना जर्मन लोक पुष्कळदा 'फोम लेरर' म्हणून मोकळे होतात, पण परीक्षेत डेस लेरर्सच लिहा.

खरी गडबड डेन आणि डेममध्ये होते आणि तिचं मूळ आपल्या 'ला'मध्ये आहे.

'ला'चा नियम धरलात तर तुमच्या वाक्यात डेम बरोबर येईल, पण चेंडूला काहीच मिळणार नाही, कारण मराठीत त्याला प्रत्ययच नाही. म्हणूनच तो तुमच्याकडे डेर राहिला. जर्मन मात्र दिल्या जाणाऱ्या वस्तूवरही खूण करते: डेन बाल, म्हणजे आकुझाटिफ. दुसरी अडचण उलट बाजूने येते. "मामा मुलाला बघतो" यातही 'ला' आहे, पण इथे मुलाला काही मिळत नाही, त्याला नुसतं बघितलं जातंय. जर्मनमध्ये हे *डेर ओंकल झीट डेन झोन*. सजीव कर्माला आपण 'ला' लावतो आणि निर्जीवाला सहसा नाही. जर्मनला सजीव-निर्जीवाशी काही देणंघेणं नाही.

मी एक मराठी चाचणी वापरते. वाक्य 'ने' लावून भूतकाळात न्या आणि क्रियापद कोणाच्या लिंगाप्रमाणे बदलतं ते बघा. मामाने मुलाला चेंडू *दिला*. चेंडूच्या जागी छत्री ठेवा, *दिली* होईल. पुस्तक ठेवा, *दिलं* होईल. क्रियापद ज्याच्या मागे जातं तो आकुझाटिफ आणि 'ला' घेऊन बाजूला उभा असलेला मुलगा डाटिफ. आता "मामाने मुलाला पाहिलं". मुलाच्या जागी मुलगी आली तरी *पाहिलं*च राहतं, क्रियापदाला मागे जायला दुसरं नामच नाही. असं झालं की तो 'ला'वालाच आकुझाटिफ.

ही चाचणी किती नेमकी चालते ते मला 'मदत करणे'मुळे पटलं. जर्मन हेल्फन डाटिफ का घेतं हे वर्गात सगळ्यांना कोडं वाटायचं: *डेर ओंकल हिल्फ्ट डेम झोन*. पण मराठीत बघा, मामाने मुलाला मदत *केली*. क्रियापद मदतीच्या मागे गेलं, म्हणजे मदत ही चेंडूच्या जागी आहे आणि मुलगा घेणारा. तसंच विचारण्याचं. मुलाला *विचारलं*, म्हणून फ्रागनबरोबर डेन झोन. पण मुलाला प्रश्न *विचारला* म्हटलं की प्रश्न चेंडूच्या जागी येतो, आणि जर्मनमध्येही तसंच होतं: *डेर ओंकल श्टेल्ट डेम झोन आयनं फ्रागं*.

चाचणी फसते कुठे? फोन करण्यापाशी. "मुलाला फोन केला" म्हणजे फोन चेंडूच्या जागी, म्हणून मुलगा डाटिफ असं वाटतं. पण आनरूफन या क्रियापदाला आकुझाटिफच लागतो. हॅम्बर्गला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एका ग्राहकाला "इख रूफं इनेन आन" असं लिहून पाठवलं होतं. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी काही न बोलता डाटिफचं इनेन खोडून वर आकुझाटिफचं *झी* लिहिलं. दुसरं ठिकाण आभार आणि अभिनंदनाचं. मराठीत मुलाचे आभार मानतो, मुलाचं अभिनंदन करतो, म्हणजे षष्ठी. जर्मन डांकन आणि ग्राटुलिरन दोन्ही डाटिफ घेतात, डेम झोन. ही क्रियापदं पाठच करावी लागतात. सुदैवाने यादी फार लांब नाही.

आणखी एक, ते 'ने' फक्त चाचणीपुरतं. "मामाने दिला" यातला 'ने' बघून ओंकलचं आर्टिकल बदलावंसं वाटेल. बदलू नका. भूतकाळातही *डेर ओंकल हाट डेम झोन डेन बाल गेशेंक्ट*, देणारा नोमिनाटिफमध्येच राहतो.

आर्टिकलं नीट लागली की शब्द हलवायला मोकळीक मिळते. *डेन बाल शेंक्ट डेर ओंकल डेम झोन* हेही बरोबर वाक्य आहे, फक्त भर चेंडूवर आला: दुसरं काही नाही, चेंडू देतो. तुमच्या चार डेरच्या वाक्यात मात्र कोण कोणाला काय देतंय ते फक्त अंदाजाने कळतं.

डेन दिसला की एकदा नाम एकवचनी आहे का ते तपासा. अनेकवचनाचा डाटिफही डेनच असतो आणि तिथे नामाच्या शेवटी आधीच न नसेल तर बहुतेक वेळा न जोडला जातो: *डेन किंडर्न* म्हणजे मुलांना. वाचताना त्या शेवटच्या न वरून बहुतेक वेळा ओळखता येतं.

नपुंसकलिंगात नोमिनाटिफ आणि आकुझाटिफ दोन्हीकडे डास, स्त्रीलिंगात दोन्हीकडे डी. म्हणजे कर्ता आणि कर्म यांत आर्टिकलचा फरक फक्त पुल्लिंगी एकवचनात दिसतो. म्हणूनच सरांनी सगळी पुल्लिंगी नामं दिली असावीत. त्यांनी "मामा शिक्षिकेच्या मुलीला बाहुली भेट देतो" असं दिलं असतं तर उत्तर *डेर ओंकल शेंक्ट डेर टॉख्टर डेर लेररिन डी पुपं* झालं असतं, कारण स्त्रीलिंगाचा डाटिफ आणि गेनिटिफ दोन्ही डेरच. तिथेही चारही ठिकाणी डेर लावलं असतंत, तर चारांपैकी तीन टिकले असते आणि सरांनी फक्त बाहुलीचं कापलं असतं.