जग अनादी की निर्माण केलेले? गझालींच्या आक्षेपांवर प्रश्नोत्तरे

तत्त्वज्ञ इब्न सीना देव मानत होते, तरी जगाला अनादी म्हणत. मग निर्मिती उरते कुठे?

त्यांच्या लेखी निर्मिती म्हणजे सुरुवात नव्हे, तर अस्तित्वासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे. बोट हलले की बोटातली अंगठी हलते. दोन्ही हालचाली एकाच वेळी होतात, तरी बोट हे कारण आणि अंगठीचे हलणे हे कार्य. कारणाला लागणारे सगळे जमलेले असेल, तर कार्य खोळंबत नाही. देवात उणीव कधीच नव्हती, म्हणून जगही कधी नव्हते असे नाही. ते मागाहून सुरू झाले म्हणाल, तर त्या क्षणी नवे काय घडले? नवी इच्छा झाली म्हटले, तर ती कशामुळे झाली, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तत्त्वज्ञांचे टीकाकार, धर्मशास्त्री गझालींनी यावर नेमके काय उत्तर दिले?

1095 मध्ये पूर्ण झालेल्या ‘तहाफुत अल्-फलासिफा’ या तत्त्वज्ञांचे खंडन करणाऱ्या ग्रंथात ते म्हणतात, की इच्छा अनादी आहे आणि जग अमुक क्षणी व्हावे हाच तिचा आशय आहे. त्यामुळे नवी इच्छा लागत नाही. पण सगळे क्षण सारखेच, मग हाच का? इथे ते खजुराचे उदाहरण देतात. अगदी सारखे दोन खजूर समोर आहेत आणि एकच घेता येतो. फरक सापडेपर्यंत भुकेला माणूस हात आखडून बसत नाही. सारख्यांतून एक वेगळे काढणे हेच इच्छेचे काम. शिवाय आकाशगोलावरचे बिंदू सारखे असूनही ठरावीक दोनच ध्रुव झाले, हे तत्त्वज्ञही मान्य करत होते. हा टोला मला जास्त जबर वाटतो.

गझाली असेही विचारतात, की जग अनादी असेल तर ग्रहांच्या आजवरच्या अनंत फेऱ्या सम की विषम? हा युक्तिवाद शब्दच्छल नाही का? अनंताला सम-विषम लागूच होत नाही.

सम-विषमापुरता तुमचा आक्षेप रास्त आहे. पण त्यांचा मुद्दा प्रमाणाचाही आहे. शनीची फेरी 30 वर्षांची, गुरूची 12 वर्षांची. 60 वर्षांत शनीच्या 2 होतात, गुरूच्या 5 आणि सूर्याच्या 60. काळ कितीही वाढवा, शनीच्या फेऱ्या सूर्याच्या एक-तिसांशच राहणार; तरी अनादी जगात दोन्ही अनंत. आजच्या गणिताला यात विसंगती दिसत नाही.

तत्त्वज्ञांची पळवाट वेगळी होती: सरलेल्या फेऱ्या एकत्र अस्तित्वात नसतात, त्यामुळे हा खरा अनंत नव्हे. खरा पेच इथे पडतो. इब्न सीनांच्या मते देह गेला तरी माणसाचा आत्मा उरतो. अनादी काळापासून माणसे मरत आली असतील, तर आज अनंत आत्मे एकाच वेळी असणार. पळवाट तिथे बंद होते. जगाला सुरुवात होती हे यातून सिद्ध होत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे पाडणे एवढेच या ग्रंथाचे काम, असे गझालीच सांगतात. पुढे तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी अनादित्व राखले, पण देहाविना आत्म्यांची संख्या मोजणारे इब्न सीनांचे मत नाकारले.