कोहॉर्ट म्हणजे ‘गट’ नव्हे, ‘बॅच’

प्रश्न: ‘कोहॉर्ट ॲनालिसिस’ला मराठीत ‘गट-विश्लेषण’ म्हटलं तर चालेल का? आणि त्यातला तो पायऱ्यांसारखा तक्ता वाचायचा कसा?

‘गट’ नको. राजारामपुरीतली गिऱ्हाइकं हा गट, म्हशीचं दूध घेणारी हाही गट. तुमच्या तक्त्यात गिऱ्हाइकं वाटायची ती एवढ्यावरच, की कोण कधी आलं; मग त्यातली किती टिकली ते बघायचं. लॅटिन ‘कोहॉर्स’ म्हणजे आवार; पुढे रोमन सैन्यातली तुकडी, लीजनचा दहावा भाग. पण ‘तुकडी’ म्हटलं की आपल्याला दहावी अ, दहावी ब आठवते. मी ‘बॅच’ म्हणेन. ‘आमची ९८ची बॅच’ म्हणताना मधेच शाळा सोडलेला पोरगाही त्यात धरलेला असतो, आणि तक्त्याचं गणित त्या सोडून गेलेल्यावरच उभं आहे. सबस्क्रिप्शनला तर आपला ‘रतीब’ आहेच.

माझा मावसभाऊ कोल्हापुरात घरपोच दूध देतो. त्याच्या रतिबाचा हा तक्ता, आकडे जरा सोपे करून:

| बॅच | आले | महिना १ | महिना २ | महिना ३ |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | २०० | १२० | १०० | ९६ |
| फेब्रुवारी | १५० | १०५ | ८१ | |
| मार्च | १८० | १३५ | | |
| एप्रिल | १६० | | | |

भाऊ खूश होता: जानेवारीत २०० घरं, एप्रिलात ४७२. म्हटलं, भावा, नव्यांच्या गर्दीत जुन्यांची गळती दिसत नाही.

आधी ओळ आडवी वाचा. जानेवारीच्या २०० पैकी पुढच्या महिन्यात १२० टिकले, म्हणजे ६० टक्के. मग ५०, मग ४८. भागायचं दर वेळी सुरुवातीच्या २०० नेच. शेवटच्या महिन्यात १०० पैकी फक्त ४ घरं गेली, म्हणजे गळती जवळपास थांबली. खरं भगदाड पहिल्याच महिन्यात आहे.

मग रकाना उभा वाचा. महिना १ मध्ये ६०, ७०, ७५ टक्के: नंतरच्या बॅचा जास्त टिकतायत. फेब्रुवारीपासून त्यानं ‘पहिला आठवडा फुकट’ बंद केलं होतं. फुकट्यांची भरती थांबली, असं वाटतं खरं. पण तक्ता फरक कधी पडला ते सांगतो, का पडला ते नाही. त्याच सुमारास पोचवणारा पोरगाही बदलला होता.

तिरकी रेघ म्हणजे एकच कॅलेंडर महिना. ९६, ८१, १३५ आणि नवे १६०, हे सगळे एप्रिलचे. भाव वाढवला की फटका या रेघेवर सगळ्या बॅचांना एकदम बसतो. एप्रिल संपायच्या आत तक्ता काढलात, तर मात्र ही रेघ उगाच खचलेली दिसेल.

रिकाम्या चौकटी म्हणजे अजून न उजाडलेले महिने. भावानं एक्सेलमध्ये तिथे शून्यं भरली. AVERAGE रिकामी चौकट सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. महिना ३ चा टिकाव ४८ वरून १२ टक्क्यांवर आला आणि गडी रात्री अकराला माझ्या दारात.