‘सर्व’ म्हटलं की आहेतच, असं धरायचं का?

*‘सर्व कवी वाचक आहेत. सर्व कवी शिक्षक आहेत. म्हणून काही वाचक शिक्षक आहेत.’ हे बरोबर वाटतं, तरी तर्कशास्त्राच्या पुस्तकात वर्तुळं काढून निष्कर्ष निघत नाही असं दाखवलंय. ‘सर्व कवी’ म्हटल्यावर कवी आहेत हे आलंच ना? आणि रेघा मारल्या तिथेच ते आहेत ना?*

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच आहे. रेघा मारलेला भाग रिकामा असतो. संचांच्या धड्यात छेदसंच दाखवायला आपण नेमका तोच भाग रंगवतो, त्यामुळे इथेही हात आपसूक मधल्या भागाकडे जातो. पण इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेनने 1880 साली वर्तुळांची ही पद्धत मांडली तेव्हा रेघांचा अर्थ ‘इथे कुणीही नाही’ असाच होता. ‘इथे निदान एक तरी आहे’ हे सांगायला फुली मारतात. ती पुढे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स पर्सने आणली. आणि कोऱ्या भागाबद्दल आपल्याला काहीच माहिती नसते. कोरा म्हणजे भरलेला नव्हे आणि रिकामाही नव्हे.

आता तुमचं उदाहरण काढू. कवी, वाचक, शिक्षक अशी तीन वर्तुळं एकमेकांत अडकवायची, म्हणजे कवींच्या वर्तुळाचे चार तुकडे पडतात. ‘सर्व कवी वाचक आहेत’ याचा अर्थ वाचक नसलेला कवी सापडणार नाही. म्हणून कवींच्या वर्तुळाचा वाचकांबाहेर राहिलेला भाग रेघांनी भरायचा. त्यात दोन तुकडे येतात: निव्वळ कवींचा, आणि कवी-शिक्षकांचा पण वाचकांबाहेरचा. दुसरा विसरणारे पुष्कळ. ‘सर्व कवी शिक्षक आहेत’ यासाठी कवींचा शिक्षकांबाहेरचा भाग भरायचा. निव्वळ कवींच्या तुकड्यावर रेघा आधीच आहेत, कवी-वाचकांच्या तुकड्यावर नव्याने येतात. कवींच्या वर्तुळात आता एकच तुकडा मोकळा उरला, तिन्ही वर्तुळांच्या मधला.

इथे हात थांबवायचा. निष्कर्ष काढून दाखवायचा नाही, तो आकृतीत आपोआप आलाय का ते बघायचं. ‘काही वाचक शिक्षक आहेत’ हे खरं ठरायला वाचक-शिक्षकांच्या सामाईक भागात फुली हवी. आपल्या आकृतीत फुली कुठेच नाही. मधला तुकडा कोरा आहे, एवढंच. कवी असलेच तर तिथे असतील. आहेत असं कुणी सांगितलेलं नाही.

आता मूळ शंका. मराठीत ‘सर्व’ दोन्ही तऱ्हांनी चालतो. ‘माझी सर्व मुलं परदेशात असतात’ असं निपुत्रिक माणूस म्हणाला तर आपण त्याला खोटारडा म्हणू. पण ‘विनातिकीट प्रवास करणाऱ्या सर्वांना दंड होईल’ ही पाटी एकही फुकट्या प्रवासी नसला तरी खरीच राहते. तिथे ‘जो विनातिकीट प्रवास करील त्याला’ असा जो-तोचा अर्थ आहे. वेनच्या आकृतीतला ‘सर्व’ हा या पाटीवरचा ‘सर्व’. ‘काही’ मात्र तिथे कायम ‘निदान एक तरी आहे’ असं बजावतो, म्हणून दोन ‘सर्व’मधून एक ‘काही’ बाहेर पडत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हाच आकृतिबंध ग्राह्य धरला होता, कारण त्याच्या तर्कशास्त्रात रिकाम्या पदांना, म्हणजे ज्यात कुणीच मोडत नाही अशा नावांना, जागा नव्हती.

तेव्हा ‘कवी आहेत’ हे तुम्हाला मान्य असेल तर ते तिसरं विधान म्हणून उघड लिहा. मग कवींच्या वर्तुळात कुठेतरी फुली मारावी लागेल. तीन तुकडे बंद असल्यामुळे ती मधल्याच तुकड्यात बसेल आणि निष्कर्ष निघेल.

रेघा आधी, फुली नंतर, हा क्रम यासाठीच. ‘सर्व कवी वाचक आहेत, काही वाचक शिक्षक आहेत, म्हणून काही कवी शिक्षक आहेत’ हे करून पाहा. रेघा झाल्यावर फुली वाचक-शिक्षकांच्या सामाईक भागात मारायची, पण त्या भागातून कवींच्या वर्तुळाची रेषा जाते आणि तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. कोणती बाजू हे आधारविधानं सांगत नाहीत, म्हणून फुली रेषेवरच मारायची. रेषेवरची फुली निष्कर्षाच्या कामाची नाही. ती मनाने आत ढकलली की चुकीचा निष्कर्ष बरोबर दिसायला लागतो.

बँकांच्या परीक्षांची तयारी करत असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही अ हे ब आहेत’ निघतं असंच धरतात, म्हणजे अ असतातच हे गृहीत असतं. त्या पेपरात तुमचं मूळ उदाहरण बरोबर धरलं जाईल.