पूजा आणि लग्नाच्या फुलसजावटीची कॅप्शन कशी लिहावी?

प्रश्न: माझं पुण्यात फुलांचं छोटं दुकान आहे. आता पूजेच्या आणि लग्नाच्या सजावटीची बुकिंग इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर घ्यायची आहेत. पॅकेज, किती दिवस आधी सांगायचं आणि फुलं किती वाजता पोहोचतील, हे सगळं एका कॅप्शनमध्ये कसं बसवू?

उत्तर:

मीही याच धंद्यात आहे. माझा सल्ला असा की कॅप्शन लिहायला बसण्याआधी एका पूजेचं वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं मांडा. किती दिवस आधी सांगायचं आणि माणसं कधी पोहोचणार, ही दोन्ही उत्तरं त्यातूनच निघतात. अंदाजाने लिहिलेले आकडे लग्नसराईत अंगाशी येतात.

समजा, रविवारी सकाळी १० वाजता सत्यनारायण आहे. गुरुजी साडेनऊला आले की त्यांना मांडणीसाठी चौरंग सजलेला आणि मोकळा लागतो, म्हणजे आपलं काम नऊला संपलं पाहिजे. चार केळीचे खुंट बांधणं, त्यांवर माळा सोडणं, दाराला तोरण लावणं यात दोन माणसांचा सव्वा ते दीड तास जातो. म्हणून ती साडेसातला घरात हवीत. माळा त्या सकाळी ओवत बसता येत नाही, त्या शनिवारी रात्रीच तयार लागतात. त्यासाठीचा झेंडू शनिवारी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणायचा, आणि किती किलो आणायचा हे शुक्रवारी संध्याकाळी ठरलेलं हवं. तर पूजेसाठी ‘किमान २ दिवस आधी’ हा आकडा असा येतो. तुळस, दूर्वा आणि सुटी फुलं मात्र रविवारी पहाटेचीच घ्या.

झेंडू रात्रभर टिकतो म्हणून हे जमतं, पण तो कोरडा असेल तरच. पावसात भिजलेला झेंडू देठाकडून काळा पडतो. मुठीत हलका दाबून बघा, पाणी सुटलं तर तो रात्री ओवायचा नाही आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधून ठेवायचा नाही. पावसाळ्यात शेवंतीचं प्रमाण वाढवण्याची मुभा कॅप्शनमध्येच घेऊन ठेवा.

लग्नाचं गणित वेगळं आहे. तिथे तुमची वेळ कार्यालय ठरवतं. आदल्या रात्री त्याच हॉलमध्ये दुसरं रिसेप्शन असेल तर स्टेज मध्यरात्रीनंतर हातात येतो, आणि सकाळी साडेनऊचा मुहूर्त असेल तर सगळी सजावट रात्रीतच उभी करावी लागते. माणसं आणि मजुरी दोन्ही वाढतात. म्हणून ‘हॉल किती वाजता ताब्यात मिळतो?’ हा प्रश्न फुलांच्या रंगाच्याही आधी विचारायचा. स्टेजवर खिळे ठोकू देतात का, बाहेरच्या डेकोरेटरला परवानगी आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

गजऱ्यांबद्दल एक वाक्य जरूर टाका. मोगऱ्याची कळी संध्याकाळकडे उमलते. संध्याकाळच्या रिसेप्शनचे गजरे दुपारनंतर पोहोचवले की ते बरोबर वेळेला फुलतात आणि घमघमतात. सकाळच्या मुहूर्ताला मात्र गजरा कळ्यांचाच असणार, तो शिळा किंवा कच्चा नसतो. हे आधी सांगितलं नाही तर ऐन लग्नात वधूची आई नाराज होते. शिवाय मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातला. थंडीतल्या लग्नांना तो थोडा आणि महाग मिळतो, तेव्हा शेवंतीची वेणी किंवा मिळाला तर कुंदाचा गजरा सुचवा.

पॅकेजना सिल्व्हर, गोल्ड अशी नावं देऊ नका. त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही आणि प्रत्येक जण फोन करून ‘गोल्डमध्ये काय येतं?’ हेच विचारतो. काय सजणार ते लिहा: चौरंग, दार, स्टेज, गाडी. मापही लिहा. एका दाराला वरून आणि दोन्ही बाजूंनी माळ सोडली तर साधारण १८ फूट होते आणि दाट ओवली तर दोन किलोच्या आसपास झेंडू जातो. नुसतं ‘तोरण’ लिहिलं की घरातली चारही दारं त्यात धरली जातात. ‘पासून’ लावून किंमत लिहायची असेल तर त्या किमतीत नेमकं काय मिळेल ते शेजारीच हवं, कारण वाचणाऱ्याच्या मनात तोच कमी आकडा बसतो.

या हिशेबाने कॅप्शन अशी होईल, दर तुमचे तुम्ही भरा:

पूजा आणि लग्नासाठी ताज्या फुलांची सजावट, पुणे आणि पिंपरी-चिंचवड.
बुकिंग: पूजा २ दिवस आधी, लग्न २१ दिवस आधी.

घरची पूजा, ₹ ___
चौरंगाला ४ केळीचे खुंट, झेंडू-शेवंतीच्या माळा, देवाचा १ हार, एका दाराचं तोरण, सुटी फुलं, तुळस, दूर्वा. पूजेच्या १ तास आधी सजावट तयार.

वास्तुशांत, साखरपुडा, हळद, ₹ ___
वरचं सगळं किंवा बैठकीमागे ८ × ८ फुटांची फुलांची सजावट, शिवाय २ हार आणि ५ गजरे. ७ दिवस आधी कळवा. कार्यक्रमाच्या २ तास आधी तयार.

लग्न, ₹ ___
१६ फुटांपर्यंत स्टेज, प्रवेशद्वार, वधूवरांचे २ हार, २० गजरे, गाडी. हार आणि गजरे मुहूर्ताच्या २ तास आधी हॉलवर. रात्रीत काम करावं लागल्यास मजुरी वेगळी.

निम्मी रक्कम भरल्यावर तारीख पक्की. ठरलेलं फूल बाजारात नसेल तर तुम्हाला विचारून त्याच रंगाचं दुसरं फूल.
मेसेजमध्ये लिहा: तारीख, मुहूर्त, पत्ता, मजला, लिफ्ट आहे का, हॉल कधी ताब्यात मिळतो.

इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी उघडून वाचावं लागतं. म्हणून गाव आणि मुदत वरच ठेवली आहे. कॅप्शनमधली लिंक तिथे दाबता येत नाही, तेव्हा फोन नंबर आकड्यांत लिहा आणि व्हॉट्सअॅपची लिंक बायोमध्ये द्या.

लग्नाचे २१ दिवस हे सजावट ठरवायला आणि ऑर्किड, अँथुरियमसारखी फुलं व्यापाऱ्याकडे सांगून ठेवायला पुरतात. पण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की एकाच तारखेला पाच जण विचारतात. अशा तारखांना ‘हॉल ठरला की लगेच कळवा’ असं लिहा, आणि त्या दिवशी तुमची माणसं किती स्टेज उभे करू शकतात तेवढीच बुकिंग घ्या.

वर्षभर एकच दर मात्र चालवू नका. दसऱ्याला झेंडू आणि १४ फेब्रुवारीच्या आधी डच गुलाब यांचे भाव बाजारात कुणाच्याच हातात नसतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या लग्नाला गुलाबाचा स्टेज हवा असेल तर त्या तारखेचा वेगळा दर लिहून द्या, किंवा स्टेजला जरबेरा आणि शेवंती वापरून गुलाब फक्त वरमालांपुरते ठेवा.