ऋणनिर्देशात आधी कोण, आणि किती?

प्रश्न : भोर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांवर माझा पीएच.डी.चा प्रबंध तयार आहे. ऋणनिर्देश मात्र साडेचार पानांचा झालाय. कुलगुरू, संस्थाध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, मग ग्रंथालयं, मैत्रिणी, घरचे असा क्रम लावलाय. ओव्या सांगणाऱ्या बायका शेवटी 'ज्ञात-अज्ञात' मध्ये आल्यात. मार्गदर्शकांबद्दलचं वाक्य असं आहे : "माझे श्रद्धास्थान, ज्ञानमहर्षी, पितृतुल्य मार्गदर्शक मा. प्रा. डॉ. अमुक सर यांनी वेळोवेळी केलेल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल ऋण व्यक्त करण्यास माझे शब्द अपुरे आहेत. त्यांचे मी सदैव ऋणी आहे." क्रम बरोबर आहे का? भाषा जास्त होतेय का? काय कापू?

उत्तर :

तुमचा क्रम सत्कार समारंभाचा आहे. व्यासपीठावर अध्यक्ष आधी, मग प्रमुख पाहुणे, मग प्राचार्य अशी नावं घेतात, तशी ती इथे उतरली आहेत. प्रबंधात पद पाहायचं नसतं. कोणाच्या मदतीवाचून हे काम अडलं असतं, ते पाहायचं. पहिलं नाव मार्गदर्शकांचं, याबद्दल वाद नाही. विषय ठरल्यापासून शेवटच्या मसुद्यापर्यंत प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून गेलेलं असतं आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सहीही त्यांचीच असते. कुलगुरूंनी तुमच्या कामात नेमकं काही केलं असेल, एखादा बंद दप्तरखाना उघडून दिला असेल, तर त्यांचं नाव त्या कामासह जरूर येऊ द्या. ते केवळ पदावर आहेत म्हणून येत असेल तर काढा. संस्थाध्यक्षांचंही तसंच. तुम्ही त्याच संस्थेत नोकरीला असाल आणि अध्ययन रजा मिळाली असेल, तर 'रजा मंजूर केल्याबद्दल' असं एक वाक्य प्राचार्यांच्या ओळीला जोडून द्या, तेवढं पुरतं.

मला खरी खटकली ती शेवटची जागा. ओव्यांवरच्या प्रबंधात ओव्या गाणाऱ्या बायका 'ज्ञात-अज्ञात' मध्ये? त्या अज्ञात कशा? त्यांच्या ओसरीवर बसून तुम्ही ध्वनिमुद्रण केलंय. त्यांची जागा मार्गदर्शकांच्या लगेच खाली. लोकसाहित्याचं संकलन करणाऱ्यांनी हा पायंडा केव्हाच पाडलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि तिचं गाव नोंदवलेलं आहे. तुम्ही अभ्यासात हा संग्रह वापरला असणारच, मग त्याची ही रीतही उचला.

त्यात एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी, की सगळ्यांची नावं ऋणनिर्देशात कोंबायची गरज नाही. ओव्या सांगणाऱ्यांची यादी तशीही परिशिष्टात द्यावी लागते : नाव, गाव, अंदाजे वय, ओव्या कधी नोंदवल्या. ऋणनिर्देशात त्या परिशिष्टाकडे बोट दाखवलं की तुमचं जवळजवळ पाऊण पान वाचेल. अडचण अशी, की मान्यता मिळाल्यावर प्रबंध 'शोधगंगा'वर चढतो आणि कोणालाही उघडून वाचता येतो. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेरच्या भावाबद्दल मन मोकळं करणाऱ्या ओव्या गाव आणि नाव यांसकट जगासमोर जाणार. तेव्हा प्रत्येकीला आधी विचारा. 'पुस्तकात नाव घालू का' एवढं विचारून भागत नाही. हे मोबाइलवर कोणालाही दिसेल, हेही सांगा. एखादी नको म्हणाली तर परिशिष्टात फक्त गाव आणि वय ठेवा, आणि ऋणनिर्देशात 'नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर' असं लिहा. गाव फार लहान असेल तर गावही गाळा, कारण वयावरून बाई ओळखू येते.

आता तुमच्या वाक्याकडे. 'त्यांचे मी ऋणी आहे' हे व्याकरणाला धरून नाही. 'ऋणी' हे विशेषण आहे आणि ते 'मी'चं आहे, त्यामुळे 'त्यांचा, त्यांची, त्यांचे' हे रूपही 'मी'प्रमाणे बदलतं. पुरुष लिहील 'त्यांचा मी ऋणी आहे', तुम्ही लिहाल 'त्यांची मी ऋणी आहे', दोघं मिळून लिहिणार असतील तर 'त्यांचे आम्ही ऋणी आहोत'. 'आभारी'चंही असंच. गोंधळ होतो तो 'त्यांचे आभार मानते' या वाक्यामुळे. तिथे 'आभार' हे नाम आहे, नेहमी अनेकवचनात येणारं, म्हणून 'त्यांचे' बरोबर. दोन वाक्यांची सरमिसळ झाली की 'त्यांचे मी आभारी आहे' तयार होतं आणि छापील प्रबंधांतही बिनदिक्कत नांदतं.

'ऋण व्यक्त करणे' हेही सोडा. ऋण असतं, ते मान्य करतात, निर्देशतात, फेडतात. व्यक्त होते ती कृतज्ञता, आणि मानतात ते आभार. आणि 'शब्द अपुरे आहेत' हे वाक्य चारशे पानं लिहून झाल्यावर विद्यार्थिनीने लिहू नये, परीक्षकाला हसू येतं.

विशेषणांबद्दल बोलायचं तर 'श्रद्धास्थान', 'ज्ञानमहर्षी', 'पितृतुल्य' यांतलं एकही मार्गदर्शकांनी तुमच्यासाठी काय केलं ते सांगत नाही. हीच तीन विशेषणं शेजारच्या विभागातल्या प्रबंधात दुसऱ्या सरांना लागलेली सापडतील. त्याला एक गमतीशीर कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत साम्य तपासताना प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायला सांगितलं आहे. म्हणजे सबंध प्रबंधात उचलेगिरी पकडली न जाणारं एक पान हेच, आणि आपली मंडळी त्या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतात. 'मा.', 'प्रा.', 'डॉ.' आणि वर 'सर' ही चार आदरचिन्हं एका नावाला जड होतात. 'डॉ. अमुक यांनी' एवढ्यात सगळा आदर आलेला आहे, कारण मराठीत तो क्रियापदातून आणि 'यांनी'तून व्यक्त होतोच. 'सर' आणि 'मॅडम' वर्गात ठेवा, छापील पानावर नको. आणि गुरुजनांना 'डॉ.' लावताना ओव्या गाणाऱ्यांना नुसतं 'गावातील महिला' म्हणू नका. गावात त्यांना जशी हाक मारतात तसं 'बाई' लावलेलं पूर्ण नाव लिहा. 'श्रीमती' सरकारी कागदावर सगळ्याच स्त्रियांना लागत असलं, तरी खेड्यात ते अजूनही विधवेपुरतंच समजलं जातं. उगाच कोणाचं मन दुखवायला नको.

तुमचं वाक्य मी असं लिहीन. तपशील माझ्या मनचा आहे, तिथे तुमचा खरा घाला :

"माझे मार्गदर्शक डॉ. अमुक यांनी ओव्यांची विषयवार मांडणी बाजूला ठेवून, गाणाऱ्या स्त्रीच्या वयाप्रमाणे त्या लावून पाहण्यास सुचवले. तिसरे प्रकरण त्या सूचनेतून उभे राहिले. त्यांची मी ऋणी आहे."

यात एकही स्तुतीचा शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं, की हे गुरू वाचून सुचवणारे होते आणि विद्यार्थिनीने ऐकलं. बायकांबद्दल :

"ज्या स्त्रियांनी या ओव्या गायल्या त्यांच्यावाचून या अभ्यासाला विषयच उरला नसता. जात्यावर बसले की ओवी सुचते, हे खरे करून दाखवण्यासाठी त्यांनी दिवसभराची कामे उरकून माळ्यावरची जाती खाली काढली. त्यांची नावे त्यांच्या संमतीने परिशिष्ट 1 मध्ये दिली आहेत."

यानंतर अधिछात्रवृत्ती. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची असेल तर मंजुरीपत्र काढून पाहा. उल्लेख कसा करायचा याचं वाक्य ठरवून दिलेलं असेल तर ते जसंच्या तसं घ्या, तिथे शैली दाखवू नका. मग ग्रंथालयं. 'सर्व ग्रंथालयांचे सर्व कर्मचारी' म्हणण्यापेक्षा, ज्यांनी दुर्मीळ अंक गोदामातून हुडकून आणून दिला त्या एका माणसाचं नाव घाला. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांना एकेक ओळ. पैसे दिले होते हे खरं, पण रात्री अकरा वाजता परिशिष्टातले तक्ते सरळ करून देणं पावतीत मोजलेलं नसतं.

घरचे शेवटी येतात, आणि ते बरोबरच आहे. मराठीत ही जागा कमीपणाची नाही. तिथे मात्र 'आभार मानून त्यांना परके करू इच्छित नाही' हे वाक्य नको. आभार मानायचे नसतील तर मानू नका, पण मानत नाही हे जाहीर करायला एक परिच्छेद कशाला? 'मुलाच्या दहावीच्या वर्षात मी गावोगाव फिरत होते, तेव्हा घर सासूबाईंनी सांभाळलं' असं तुमच्या घरचं जे खरं असेल ते एका वाक्यात सांगा.

परीक्षकांचे आभार तुम्ही मानलेले नाहीत ना, तेही बघून घ्या. पाच-सहा वेळा अशी वाक्यं माझ्या वाचनात आली आहेत : 'प्रबंध तपासणाऱ्या विद्वान परीक्षकांचे आगाऊ आभार.' मूल्यमापन व्हायच्या आधी असं लिहिणं लाडीगोडी ठरतं.

कापायचं कसं, तर प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहा : या माणसामुळे प्रबंधातलं काय आहे? पान, तक्ता, ओवी, तारीख, वाचवलेला आठवडा, काहीही. ओळ सुचली नाही तर नाव जातं. मैत्रिणींच्या यादीतली निम्मी नावं इथेच गळतील, आणि गळालेल्यांना प्रबंधाची प्रत किंवा घरचं जेवण द्या. नाव राहिलं तर पेन्सिलीने लिहिलेली ओळच मजकुरात घ्या, त्यावर विशेषण चढवू नका. एवढं केलंत तर साडेचार पानांचं दीड पान होईल. त्याहून खाली न्यायचा अट्टहास नको, तुमच्या विषयात माणसंच जास्त आहेत.

शेवटी उजवीकडे तुमचं नाव, डावीकडे स्थळ आणि दिनांक. बांधणीला देण्याआधी त्या पानावरची सगळी नावं त्या-त्या माणसाकडून, निदान फोनवर, तपासून घ्या. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला आभार मानलेल्याला फार दिसतो.