रिपोर्ट कार्डावरचं ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ मराठीत कसं लिहायचं?

प्रश्न: मी नागपुरात इंग्लिश मीडियम शाळेत चौथीला शिकवते. यंदा कमेंट मराठीतही द्यायच्या आहेत. ‘इंटेलिजंट बट लॅक्स कॉन्सन्ट्रेशन, नीड्स इम्प्रूव्हमेंट इन रायटिंग’ याचं ‘बुद्धिमान आहे पण एकाग्रतेचा अभाव आहे, लेखनात सुधारणा आवश्यक’ असं केलं तर एक आई रडवेली झाली. काय चुकलं?

उत्तर: मॅडम, व्याकरण बरोबरच आहे, गडबड ‘सुधारणा’ची आहे. मूल्यमापनाच्या नोंदींत ‘सुधारणा आवश्यक’ हा रकानाच असतो म्हणून शिक्षकांना तो साधा वाटतो, पण घरी ‘पोट्टं सुधरत नाही’ म्हणजे वाया चाललंय, बालसुधारगृहातली ‘सुधारणा’ही तीच ना. आणि ‘अभाव’ तर लेकरालाच चिकटतो, जसं काही ते तसंच जन्मलंय.

म्हणून नामं काढा आणि क्रियापदं आणा, म्हणजे पोरगा वर्गात नेमकं काय करतो ते लिहा. समजा तो तोंडी पटपट सांगतो पण फळ्यावरून उतरवताना जोडाक्षरं सुटतात, शेवटचं वाक्य अर्धवट राहतं, तर मी असं लिहीन:

‘तोंडी उत्तरं पटकन आणि बरोबर देतो. लिहिताना मात्र जोडाक्षरं सुटतात आणि शेवटचं वाक्य बरेचदा अर्धं राहतं. रोज चार-पाच ओळी ऐकून लिहिल्या आणि मग स्वतःच मोठ्याने वाचून पाहिल्या, तर काय सुटलं ते त्याचं त्यालाच सापडेल.’

यात कमतरता लपवलेली नाही, उलट ‘एकाग्रतेचा अभाव’पेक्षा जास्तच सांगितलंय, आणि घरी काय करायचं तेही कळतं. इथे ‘पण’च्या जागी ‘मात्र’ मुद्दाम घेतलाय. ‘हुशार आहे पण’ म्हटलं की आईवडील ‘पण’च्या आधीचं विसरूनच जातात, ‘लिहिताना मात्र’ म्हटलं की तक्रार फक्त लिहिण्यापुरती राहते.

‘अजून’ जपून वापरा. ‘हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही’ म्हणजे पुढे जमेल, पण ‘अजूनही जमत नाही’ म्हणजे सगळ्यांना जमली, हाच राहिला. एका ‘ही’ने टोमणा होतो बाप्पा!

दुसऱ्या टोकाला ‘प्रयत्नशील आहे’. हे मला अजिबात आवडत नाही, कारण बहुतेक पालकांना आता कळतं की मार्क कमी आले की हे लिहितात. धडा वाचताच येत नसेल तर सरळ लिहा, ‘छोटी वाक्यं वाचतो, मोठा परिच्छेद वाचताना अडतो.’ वाचून मनाला लागलं तरी खरं आहे, आणि पीटीएमला त्यावर बोलता येतं.

आणि हो, कॉपी-पेस्ट करताना देतो-देते बघून घ्या. इंग्रजी कमेंटमध्ये मुलगा-मुलगी ‘ही-शी’पुरतं असतं, मराठीत ‘देतो’, ‘वाचतो’ अशी क्रियापदंही बदलतात, आणि मुलीच्या कार्डावर एक जरी ‘वाचतो’ राहिला की आई म्हणणारच, माझ्या पोरीबद्दल लिहिलंच नाहीये हे.