नकाराची वसुली

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. काल रात्री तू पाठवलेले उत्तराचे चारही मसुदे वाचले. तिचा मेसेजही वाचला. "तू खूप चांगला आहेस, पण मी तुला मित्र म्हणूनच बघते. आपली मैत्री बिघडू नये, एवढंच वाटतं." आणि त्यावर तू मला विचारतोस, "मॅडम, यात थोडीतरी जागा आहे का?" नाही. "आत्ता नको" असं तिनं लिहिलेलं नाही, "घरचे ऐकणार नाहीत" असंही लिहिलेलं नाही. आणि तसं लिहिलं असतं, तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

तुझे मसुदे घेऊ. पहिला : "काही हरकत नाही, मी वाट बघेन." वाचायला गोड आहे. पण उद्यापासून अभ्यासिकेत तिच्या शेजारची खुर्ची तू ओढलीस की तिच्या मनात येणार, हा अजून वाट बघतोय. म्हणजे ती तुझ्याशी हसली तरी चूक आणि नाही हसली तरी चूक. दुसरा : "माझ्यात काय कमी आहे, तेवढं सांग." तिनं आता बसून तुझ्या उणिवांची यादी करायची, तीही तुला लागणार नाही अशा बेतानं? आणि तिनं एखादं कारण दिलंच, तर तू ते खोडायला बसशील, हे मला ठाऊक आहे. तुझा स्वभाव वादविवाद स्पर्धेतला आहे. तिसरा : "अगं, गंमत केली, सिरियसली घेतलंस होय!" हा तर खोटेपणा. जीव मुठीत धरून तिनं खरं उत्तर दिलं आणि तू तिलाच खुळ्यात काढतोस. चौथा नुसता "ओके", आणि त्यानंतर ग्रुप सोडून जायचं. म्हणजे बाकीच्या दोघांनी तिला विचारायचं, काय गं, काय झालं?

चारही उत्तरांत एकच गोष्ट आहे : नाही म्हटल्याची किंमत तू तिच्याकडून वसूल करतोयस. कुठं अपराधी वाटायला लावून, कुठं खुलासा मागून. ही वसुली करायची नाही. बाकी माझं काही विसरलास तरी चालेल.

मी मानसशास्त्र शिकवत असताना 1993 चा एक अभ्यास मुलांना सांगायची. अमेरिकेत रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या हकिकती लिहून घेतल्या. ज्यांनी प्रेम केलं, त्यांच्या आठवणीत दुःखाबरोबर काही गोडही उरलेलं होतं. ज्यांना नकार द्यावा लागला, त्यांच्या वाट्याला मात्र अपराधीपणा आणि अवघडलेपण आलेलं. शिवाय प्रेम करणाऱ्यांना बऱ्याचदा वाटायचं, समोरूनही काहीतरी होतं, मला आशा लावली. तुझ्या कालच्या मेसेजात ती ओळ आहेच : "मग ती माझ्यासाठी डबा का आणायची?" अरे, ती चौघांसाठी डबा आणायची. त्यात तू एक.

आता मी काय लिहिलं असतं, ते देते. पाठ करू नकोस, तुझ्या भाषेत घाल.

"तू स्पष्ट सांगितलंस, बरं झालं. मला थोडं वाईट वाटतंय, पण ते माझं मी बघेन. हा विषय मी परत काढणार नाही. काही दिवस कमी बोलेन, तो राग नाही. नोट्स ग्रुपवर टाकत राहीन."

वाईट वाटतंय हे लिहायचं, कारण लपवलंस तर ती तुझ्या चेहऱ्यावर शोधत बसेल. पण त्याच वाक्यात "माझं मी बघेन" हवं, नाहीतर समजूत काढायचं काम तिच्यावर पडतं. "परत काढणार नाही" लिहिलंस की पाळायचं. मित्राला मध्ये घालून विचारणं म्हणजे परत काढणंच. रात्री बारा वाजता विरहाच्या गाण्याचं स्टेटस लावणं हेही तेच. आणि नोट्स चालूच ठेवायच्या. त्या आजपासून बंद झाल्या, तर तिला कळेल की इतके दिवस दिलं ते मैत्रीनं दिलेलं नव्हतंच.

"पण मला तिच्याशी मैत्री जमेल का?" हा तुझा त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न. उद्या तिनं आनंदानं सांगितलं की अमका मला आवडतो, तर तुला ते ऐकवेल का? आज नाही ऐकवणार. मग आज लांब राहा. जवळ राहून मनात आशा ठेवणं ही मैत्री नव्हे. लांब जाणं चालतं, फक्त ते तिला शिक्षा म्हणून नको. समोर आली तर नेहमीसारखं "काय म्हणतेस" म्हणायचं आणि आपल्या टेबलाकडं जायचं.

हे तुला फार कडक वाटेल. पण सांगली केवढी, ते तुला माहीत आहे. विश्रामबागेत काही बोललं की संध्याकाळी गणपती मंदिरापाशी तेच ऐकू येतं. ती जत तालुक्यातून येऊन इथं खोली घेऊन राहते, वडिलांच्या विश्वासावर. तुझी तोंड पाडून फिरायची मजल वाढली, कुणीतरी काहीतरी बोललं आणि ते गावाकडं पोचलं, तर तुझी परीक्षा बुडणार नाही, तिची बुडेल. मी हे पुस्तकातून सांगत नाही. मी कॉलेजात असताना एकाला मित्रच म्हणाले होते. तो वाईट नव्हता, नुसता दुःखी होता. पण त्याचं दुःख एसटी स्टँडवर, लायब्ररीच्या दारात, माझ्या मैत्रिणींमार्फत रोज मला भेटायचं. शेवटी घरी कळलं, आणि पुढची पदवी मी घरी बसून, बहिःस्थ म्हणून पूर्ण केली. त्याच्या लग्नाला मी गेले नाही. अजून नातेवाईक म्हणतात, बाईचं मन दगडाचं. म्हणू देत. त्यानं एकदाच "बरं" म्हणून विषय संपवला असता तर मी अक्षता टाकायला गेले असते, आणि आजही मला त्यात माझं काही चुकलं असं वाटत नाही.

कायद्याचंही एक वाक्य, कारण तू पोस्ट पोलीस उपनिरीक्षकाची मागतोयस. बाईनं स्पष्टपणे रस नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा 2013 पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. तू तिथवर जाणार नाहीस, पण "एकदाच शेवटचं बोलू दे" याची सवय लागते, ती आधी ओळख.

रडायचं असेल तर रड. माझ्याकडं ये, हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालू, मी ऐकेन. तिला ऐकवायचं नाही. मेसेज पाठवल्यावर निळ्या टिका बघत बसू नकोस. तिनं नुसता अंगठा पाठवला तर तेही उत्तरच आहे, त्यावर पुढं काही लिहायचं नाही.

राहता राहिलं तिच्या वाढदिवसासाठी घेऊन ठेवलेलं ते महागडं पेन. ते देऊ नकोस. ग्रुपवर सगळे लिहितील तसं "हार्दिक शुभेच्छा" लिही आणि पेन स्वतः वापर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. तोही फॉर्म तू भरलायस, आणि तुझं अक्षर मी बघितलंय.

तुझी,
मॅडम